राजीनाम्यावर सही करण्यापूर्वी : गर्भवती कर्मचारी आणि कायद्याने मालकावर घातलेली बंधने

गर्भवती स्त्रीला नोकरीवरून काढून टाकणारे पत्र हल्ली क्वचितच कोणी लिहितो. तसे पत्र मालकाच्याच विरुद्ध पुरावा ठरते, हे बहुतेक आस्थापनांना ठाऊक असते. त्याऐवजी कर्मचारी स्त्रीला आतल्या खोलीत बोलावले जाते, तिची मायेने विचारपूस होते आणि मग हळूच सुचवले जाते, “या दिवसांत तुम्हाला दगदग नको. सध्या राजीनामा देऊन टाका, बाळ मोठे झाले की या, आपलीच जागा आहे.” कागद समोर तयार असतो. संकोचाने, थकव्याने किंवा भांडण नको म्हणून त्यावर सही होते आणि त्या एका सहीबरोबर सहा महिन्यांच्या भरपगारी रजेचा हक्क जवळजवळ निसटून जातो.

वाचकहो, आपल्या घरात लेक, सून, बहीण किंवा पत्नी नोकरी करीत असेल आणि घरी गोड बातमी आली असेल, तर डॉक्टरांच्या पहिल्या भेटीबरोबरच हा विषयही समजून घ्यावा. कायदा तिच्या बाजूने भक्कम उभा आहे, पण तो तारखांवर आणि कागदांवर चालतो. कोणत्या तारखा, कोणते कागद आणि मालकाला नेमके काय करता येत नाही, एवढेच या लेखात पाहायचे आहे.

कायदा कोणता आणि कोणाला लागू?

या हक्काचा आपल्याकडील पाया मुंबई प्रांतात घातला गेला. गिरणी कामगार स्त्रियांसाठी मुंबई विधिमंडळात आलेल्या प्रसूती लाभ विधेयकाला १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९२९ साली मुंबई प्रांताचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९६१ साली देशभरासाठी प्रसूती लाभ अधिनियम आला. २०१७ च्या दुरुस्तीने रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली असून जुन्या अधिनियमातील मुख्य तरतुदी तिच्या सहाव्या प्रकरणात आल्या आहेत. कायद्याचे नाव बदलले, हक्काचा गाभा तोच राहिला.

कारखाने, खाणी, मळे आणि दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेली दुकाने व आस्थापना यांना हे प्रकरण लागू होते. दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानात किंवा दवाखान्यात काम करणाऱ्या स्त्रीला मात्र या कायद्याचा आधार मिळत नाही, ही त्याची मोठी मर्यादा आहे. राज्य विमा योजनेत म्हणजे ईएसआयमध्ये नोंद असलेल्या स्त्रीला, सर्वसाधारणपणे दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असल्यास, रजेचे पैसे मालकाकडून न मिळता महामंडळाकडून मिळतात. त्यासाठी वर्गणीच्या दिवसांची अट वेगळी आहे.

कायम, तात्पुरती, परिविक्षेवरील म्हणजे प्रोबेशनवरील किंवा रोजंदारीवरील, असा भेद येथे चालत नाही. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावर रोजंदारीने काम करणाऱ्या स्त्रियांना रजा नाकारली गेली, तेव्हा २००० साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की त्यांनाही प्रसूती लाभ मिळालाच पाहिजे. “तुम्ही अजून कायम झालेला नाहीत” हे उत्तर म्हणूनच कायद्याला मान्य नाही.

८० दिवसांचा हिशेब

लाभासाठी मुख्य अट एकच आहे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेले असावे. कायद्याने सवेतन ठरवलेल्या सुट्ट्या या मोजणीत धरल्या जातात. नोकरीला लागताना दिवस गेलेले होते की नव्हते, याचा या अटीशी काहीही संबंध नाही.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. समजा, नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पॅकिंग विभागात तपासनीस म्हणून एक स्त्री ५ जानेवारी २०२६ रोजी रुजू झाली. आठवड्याचे सहा दिवस काम, रोज ८५० रुपये, रविवारी बिनपगारी सुट्टी. महिन्याचे वेतन सुमारे २२,१०० रुपये होते, म्हणून ती ईएसआयच्या मर्यादेबाहेर आहे. जानेवारीच्या अखेरीस तिला दिवस गेल्याचे कळले. डॉक्टरांनी प्रसूतीची अपेक्षित तारीख १५ सप्टेंबर २०२६ लिहून दिली. हे तिचे पहिले मूल.

तिने एकही खाडा केला नाही असे धरले, तर ७ एप्रिलला तिचे ८० दिवस पूर्ण होतात. आता समजा, व्यवस्थापनाला बातमी कळली आणि ३१ मार्चला, म्हणजे ७४ दिवस भरले असताना, “प्रोबेशनमध्ये काम समाधानकारक नाही” असे लिहून तिला काढून टाकले. ऐंशीला सहा दिवस कमी पडले, मग तिचा हक्क बुडाला का?

नाही. हीच पळवाट ओळखून कायद्याने ती बंद केली आहे. गर्भारपणात स्त्रीला काढून टाकले आणि तसे काढले नसते तर तिला प्रसूती लाभ मिळाला असता, अशी स्थिती असेल, तर काढून टाकल्यामुळे तो लाभ बुडत नाही. येथे प्रश्न “किती दिवस भरले?” असा नसून “काढले नसते तर भरले असते का?” असा विचारायचा आहे. आपल्या उदाहरणात त्याचे उत्तर उघड आहे. अपवाद एकच, गंभीर गैरवर्तनामुळे काढल्याचा. तेव्हाही लाभ नाकारण्याचा आदेश लेखी द्यावा लागतो आणि त्याविरुद्ध ६० दिवसांत सक्षम अधिकाऱ्याकडे अपील करता येते. “काम समाधानकारक नाही” हा शेरा म्हणजे गंभीर गैरवर्तन नव्हे.

रजा कधी सुरू करावी?

आता समजा, तिला काढलेले नाही आणि सारे रीतसर चालले आहे. दोनपेक्षा कमी मुले हयात असलेल्या स्त्रीला २६ आठवडे म्हणजे १८२ दिवसांची रजा मिळते. त्यांपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वी घेता येतात. दोन किंवा अधिक मुले हयात असतील, तर रजा १२ आठवड्यांची असते आणि त्यांपैकी सहाच आठवडे आधी घेता येतात.

पूर्ण आठ आठवडे आधी रजा घ्यायची, तर आपल्या तपासनीस स्त्रीला २१ जुलैपासून घरी राहता येईल. तेव्हा रजा १८ जानेवारी २०२७ रोजी संपेल. प्रकृती चांगली असून डॉक्टरांची हरकत नसेल आणि तिने चारच आठवडे आधी, म्हणजे १८ ऑगस्टपासून रजा घेतली, तर ती १५ फेब्रुवारी २०२७ पर्यंत पुरते. आधी न घेतलेले दिवस वाया जात नाहीत, ते बाळंतपणानंतर बाळासाठी शिल्लक राहतात. हा निर्णय तिने आणि तिच्या डॉक्टरांनी घ्यायचा असतो.

तिचे काम दिवसभर उभे राहून करायचे आहे. अपेक्षित तारखेपूर्वीचे सहा आठवडे आणि त्यांच्याही आधीचा एक महिना, या काळात तिने विनंती केल्यास मालकाने तिला कष्टाचे किंवा फार वेळ उभे राहण्याचे काम देऊ नये, असे कायदा सांगतो. येथे हा काळ ४ जुलैपासून सुरू होतो आणि रजेवर जाईपर्यंत राहतो. म्हणून जुलैच्या आरंभीच तिने बसून करायच्या कामासाठी लेखी विनंती करावी. अशा हलक्या कामावर ठेवले म्हणून तिची मजुरी कापता येत नाही.

बाळंतपणानंतरचे सहा आठवडे तर सक्तीच्या विश्रांतीचे आहेत. त्या काळात मालकाने तिला जाणूनबुजून कामावर ठेवायचे नाही आणि तिनेही कोठे काम करायचे नाही. आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना पाळण्याची रीत आहे, कायद्याची मुदत तिच्याहून काही दिवसांनीच मोठी आहे. “घरूनच दोन तास लॅपटॉप उघडा” अशी मागणी या सहा आठवड्यांत कोणी करीत असेल, तर तो कायद्याचा भंग आहे. गर्भपात झाला तरी त्यानंतरचे सहा आठवडे अशाच सवेतन रजेचे आहेत, त्यासाठी डॉक्टरांचा दाखला द्यावा लागतो. पुष्कळ स्त्रिया हे दुःख उरात दाबून चौथ्या दिवशी कामावर हजर होतात, कारण हा हक्क त्यांना कोणी सांगितलेलाच नसतो.

रविवारचे पैसेही धरले जातात

रजेवर जाण्यापूर्वीच्या तीन कॅलेंडर महिन्यांत केलेल्या कामाची सरासरी काढून रोजचे वेतन ठरते. आपल्या उदाहरणात ते मे, जून आणि जुलै हे महिने होतील आणि सरासरी ८५० रुपये येईल. येथे एक चूक वारंवार होते. हिशेबनीस २६ आठवडे गुणिले सहा दिवस असे १५६ दिवस धरून १,३२,६०० रुपये काढतो. परंतु १९७७ साली कोइम्बतूरच्या एका मळा कामगार स्त्रीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कायद्यातील आठवडा सात दिवसांचा आहे आणि रविवारही त्यात मोजायचे आहेत. म्हणून १८२ दिवसांचे १,५४,७०० रुपये होतात. एका चुकीच्या गुणाकाराने तिचे २२,१०० रुपये, म्हणजे महिन्याभराची कमाई, बुडू शकते.

ही रक्कम रजा संपल्यावर द्यायची नसते. गर्भारपणाचा पुरावा दिल्यावर प्रसूतीपूर्वीच्या काळाची रक्कम आगाऊ द्यावी लागते. १८ ऑगस्टपासूनच्या २८ दिवसांचे ते २३,८०० रुपये होतील. उरलेले १,३०,९०० रुपये प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत द्यायचे असतात. शिवाय मालकाने प्रसूतीपूर्व आणि प्रसूतीनंतरच्या वैद्यकीय सेवेची मोफत सोय केली नसेल, तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस वेगळा मिळतो.

रजेच्या काळात मालकाने काय करू नये?

रजेमुळे ती गैरहजर असताना तिला काढून टाकणे किंवा सेवामुक्त करणे बेकायदा आहे. तिच्या रजेच्या काळात मुदत संपेल अशी नोटीस देणेही तितकेच बेकायदा आहे. एक महिन्याची नोटीस सप्टेंबरमध्ये देऊन ऑक्टोबरमध्ये नोकरी संपवण्याची युक्ती म्हणूनच चालत नाही.

त्याचबरोबर, या गैरहजेरीच्या काळात तिच्या सेवेच्या अटी तिला तोट्याच्या होतील अशा बदलता येत नाहीत. व्यवहारात ही बंदी सर्वांत अधिक मोडली जाते, कारण ती मोडल्याचे पटकन ध्यानात येत नाही. रजेवर असताना पद खालचे केले, पगाराची रचना बदलून हातात येणारी रक्कम कमी केली किंवा रजेच्या काळातच दूरच्या शाखेत बदली केल्याचे पत्र धाडले, तर त्या कागदाची तारीख पाहावी. ती रजेच्या आतली असेल आणि बदल तोट्याचा असेल, तर तक्रारीला जागा आहे. मात्र परतल्यावर वर्षाअखेरीस कमी पगारवाढ देणे किंवा बढतीत डावलणे यांवर या कलमाची भाषा थेट बोलत नाही. तेथे लढा कठीण होतो. म्हणून रजेवर जाण्यापूर्वीचे कामाचे अहवाल आणि शेरे जपून ठेवावेत.

कराराची मुदत रजेच्या मध्येच संपली तर? दिल्लीतील एका शासकीय संस्थेतील डॉक्टरांच्या बाबतीत असेच घडले. मुदत संपली म्हणून त्यांचा लाभ तेथेच थांबवण्यात आला. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की पात्रता एकदा पूर्ण झाली की करार संपल्यानंतरही लाभ पूर्ण मुदतीचा द्यावा लागतो. याचा अर्थ करार आपोआप वाढतो असा नव्हे. नोकरी संपू शकते, रजेचे पैसे बुडत नाहीत.

नोकरीच्या अर्जात किंवा मुलाखतीत मासिक पाळी आणि गर्भधारणा यांची चौकशी होत असेल, तर १९९१ सालचा एक निर्णय लक्षात ठेवावा. आयुर्विमा महामंडळाने एका परिविक्षाधीन स्त्रीला प्रसूती रजेनंतर काढून टाकले होते. नेमणुकीच्या वेळी पाळीविषयीची माहिती तिने खोटी दिली, असे कारण होते. सर्वोच्च न्यायालयाने तिला पुन्हा कामावर घ्यायला लावले आणि असे खासगी, संकोचाचे प्रश्न फॉर्ममधून काढून टाकण्यास सांगितले.

कागद कोणते करावेत?

पहिला कागद डॉक्टरांचा दाखला. त्यावर अपेक्षित प्रसूतीची तारीख स्पष्ट हवी. दुसरा कागद मालकाला द्यायची सूचना. ती लांबलचक नको. पुढील मजकूर पुरतो :

“मी अमुक विभागात अमुक तारखेपासून काम करीत आहे. माझ्या प्रसूतीची अपेक्षित तारीख १५ सप्टेंबर २०२६ आहे. दाखला सोबत जोडला आहे. १८ ऑगस्ट २०२६ पासून मी प्रसूती रजेवर राहीन. या काळात मी अन्य कोठेही काम करणार नाही. प्रसूती लाभाची रक्कम मला, अथवा माझ्या पश्चात माझे पती अमुक यांना, देण्यात यावी.”

हे पत्र ई-मेलने पाठवावे, किंवा प्रत्यक्ष देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. सूचना वेळेवर देता आली नाही, तरी तेवढ्याने हक्क बुडत नाही, बाळंतपणानंतरही ती देता येते. पण आधी दिलेल्या पत्राचा एक मोठा लाभ असतो. गर्भारपणाची माहिती मालकाला कोणत्या दिवशी होती, हे त्यामुळे सिद्ध होते. त्यानंतर निघालेले प्रत्येक पत्र त्या तारखेच्या उजेडात वाचले जाते. म्हणून बातमी तोंडी सांगितली असेल, तरी त्याच दिवशी दोन ओळींचा ई-मेल धाडावा. “अन्य कोठेही काम करणार नाही” हे वाक्यही मनापासून पाळावे, कारण रजेच्या काळात दुसरीकडे काम केल्यास लाभ गमावावा लागतो.

आणि तो राजीनामा

आता आरंभीच्या त्या कागदाकडे वळू. कायद्याची सारी बंधने “काढून टाकणे” आणि “सेवामुक्त करणे” या कृतींवर आहेत. राजीनामा ही कर्मचाऱ्याची स्वतःची कृती मानली जाते. “वैयक्तिक कारणास्तव” असे शब्द असलेल्या कागदावर सही झाली की दबाव होता हे सिद्ध करण्याचे ओझे तिच्यावर येते. मालकाला हेच हवे असते. म्हणून अशी सूचना आली, तर तेथे वाद घालू नये आणि सहीही करू नये. “घरी विचारून लेखी कळवते” एवढेच म्हणून बाहेर पडावे. त्याच संध्याकाळी शांत शब्दांत ई-मेल लिहावा : आज अमुक वाजता अमुक व्यक्तीने मला राजीनामा देण्यास सुचवले, मी राजीनामा देऊ इच्छित नाही, मी रजेची सूचना अमुक तारखेला दिली आहे. हा ई-मेल पुढे तिचा सर्वांत मोलाचा पुरावा ठरतो.

सही होऊन गेली असेल, तरी हातपाय गाळू नयेत. राजीनामा स्वीकारला जाण्यापूर्वी तो मागे घेता येतो, हे तत्त्व न्यायालयांनी मान्य केले आहे. येथे प्रत्येक दिवस महत्त्वाचा असतो. म्हणून दबावाचा उल्लेख करून तो मागे घेत असल्याचे पत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी द्यावे.

पैसे अडवले किंवा नोकरीवरून काढले, तर तक्रार जिल्ह्यातील कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी करायची असते. तेथील निरीक्षकाला चौकशी करून रक्कम देण्याचा आदेश देता येतो. त्या आदेशावर समाधान झाले नाही, तर ३० दिवसांत अपील करता येते. तक्रारीसोबत डॉक्टरांचा दाखला, रजेच्या सूचनेची पोच, नेमणुकीचे पत्र, तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि मालकाची सर्व पत्रे जोडावीत.

हे कागद गोळा करण्याचे काम गर्भवती स्त्रीवर एकटीवर टाकू नये. तिच्या सोनोग्राफीच्या फाईलशेजारी दुसरी एक फाईल घरातल्या कोणीतरी तिसऱ्या महिन्यातच उघडावी आणि त्यात आलेला प्रत्येक कागद तारखेनुसार लावत जावा.